व्याजावरचा कर की खर्चावरचा कर?



बँकेत असताना एप्रिल उजाडला की काउंटरवर १५ एच फॉर्मसाठी गर्दी व्हायची. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेलं कुणीतरी हटकून विचारायचं, "साहेब, पगारावर कर भरला, उरलं ते ठेवलं. आता त्याच्या व्याजावर पुन्हा कर कशाचा?" कायद्याचं उत्तर सोपं आहे: व्याज हे नवीन उत्पन्न. पण तेवढ्यानं प्रश्न मिटत नाही.

समजा, दोन शेजाऱ्यांनी प्रत्येकी एक लाख कमावले. २० टक्के कर जाऊन हाती ८० हजार आले. पहिल्यानं ते लगेच खर्चले, त्याचा प्राप्तिकर तिथंच संपला. दुसऱ्यानं ७ टक्क्यांनी दहा वर्षं मुदत ठेव केली. व्याज हाती येवो न येवो, कर दरवर्षी द्यावा लागतो, म्हणून पदरात ५.६ टक्केच पडतात. दहा वर्षांनी होतात सुमारे १ लाख ३८ हजार. व्याज करमुक्त असतं, तर १ लाख ५७ हजार झाले असते. थांबला म्हणून १९ हजारांचा दंड! त्यात महागाई ५ टक्के धरली, तर खरी कमाई ७ नव्हे, २ टक्केच. आणि कर कापला जातो १.४ टक्के.

आता कर मिळकतीवर नसून खर्चावर आहे असं धरा. पूर्ण लाख ठेवले, त्याचे दहा वर्षांत १ लाख ९७ हजार झाले. काढून खर्चताना २० टक्के दिले की उरतात तेच १ लाख ५७ हजार. आज खर्चा की उद्या, कराचा दर एकच.

ही कल्पना आपल्याकडं येऊन गेलेली आहे. केंब्रिजच्या प्रा. काल्डोर यांनी १९५६ मध्ये ती सुचवली, टी. टी. कृष्णम्माचारींनी १९५७ मध्ये श्रीमंतांवर व्यय कर बसवला. १९६२ मध्ये तो गेला, १९६४ मध्ये परत आला, १९६६ मध्ये कायमचा गेला. माणसानं वर्षात किती खर्चले हे तपासणं मोठं जिकिरीचं, आणि वसुली नगण्य.

जीएसटी हाही खर्चावरचाच कर, पण तो प्राप्तिकराच्या जागी आला नाही, जोडीला आला. शिवाय ज्याची सगळी कमाई किराण्यात जाते, त्याला तो जास्त टोचतो. काल्डोरांचा कर तसा नव्हता. जास्त खर्चणाऱ्याला त्यात दर जास्त होता.

जुन्या कर पद्धतीत ज्येष्ठांना ५० हजारांपर्यंतच्या व्याजावर सूट आहे, नव्या पद्धतीत ती नाही. पीपीएफचं व्याज मात्र दोन्हींत करमुक्त. पण मर्यादा वर्षाला दीड लाख आणि मुदत पंधरा वर्षं! पंच्याहत्तरीच्या माणसानं ते खातं नव्यानं उघडावं की नाही, हे त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.