तेराव्यानंतरचे दिवस

श्रोते हो, कुणाच्या घरी मयत झालं, की आपल्या गावात काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. भावकी जमते, शेजारची चूल त्या घरासाठी पेटते, दहावा-तेरावा पार पडतो. कुणाकडे चाळिसावा असतो. या दिवसांत त्या माणसाला कुणी एकटं सोडत नाही. पण तेरावा झाला की पाहुणे गाड्या धरतात, आणि खरं एकटेपण त्यानंतर सुरू होतं. आज बोलायचं आहे ते त्या नंतरच्या महिन्यांविषयी.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, गावातल्या गुरुजींची बायको ज्येष्ठात वारली. आता कार्तिक चालू आहे. गुरुजी वेळेवर शाळेत जातात, मुलांशी हसून बोलतात. गाव म्हणतं, “सावरले बुवा.” पण दुःख काही सरळ रेषेत उतरत नाही. सकाळी माणूस कामात रमतो आणि संध्याकाळी दिवा लावताना त्याचा घसा दाटतो. पहिली दिवाळी, लग्नाची तारीख, मयताची तिथी, हे दिवस तर फार जड जातात. तेव्हा मित्राने असे दोन-तीन दिवस लक्षात ठेवावेत आणि त्याच्या आदल्या दिवशी जावं.

गेल्यावर काय बोलावं? “कसं काय, बरं आहे ना?” असं विचारलं, तर उत्तर येतं, “बरं आहे.” बोलणं तिथंच खुंटतं. त्यापेक्षा लहानसा, नेमका प्रश्न करावा. “गुरुजी, शाळा सुटल्यावर संध्याकाळ कशी जाते?” किंवा “रात्री झोप लागते का?” आणि गेलेल्या माणसाचं नाव टाळू नये. आपल्याला वाटतं, उगीच आठवण कशाला काढा! अहो, ते विसरलेलेच नसतात. “वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी परवा आठवली,” एवढं म्हटलं, तरी त्यांना कळतं, की तिची आठवण आपल्या एकट्यापाशी नाही. डोळ्यांत पाणी आलं, तर घाईनं विषय बदलू नका. गप्प बसा; चहा थंड झाला तरी चालेल. त्यांना बोलायचं नसेल, तर खोदून विचारू नका. पावसापाण्याच्या गोष्टी करा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

“देवाची इच्छा,” “सुटल्या बिचाऱ्या,” “आता पोरांकडे बघून सावरा,” ही वाक्यं मात्र टाळावीत. हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं, की आपलं दुःख आता पुरे झालं, असं हे सांगताहेत. “काही लागलं तर सांगा,” हेही तसंच. दुःखी माणूस कधी मागायला येत नाही. त्यापेक्षा म्हणावं, “वहिनींच्या नावाचं पोस्टातलं खातं अजून तसंच आहे ना? मंगळवारी मी तालुक्याला जातोय. मृत्यूचा दाखला घ्या, बरोबर जाऊ.” कागदावरचं ते नाव एकट्यानं वाचणं फार कठीण असतं.

आता, मैत्री कुठं अपुरी पडते तेही सांगतो. सहा महिने उलटले, तरी दिवसेंदिवस तीच तगमग असेल, घरचं-दारचं कामच होत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद केली आहे, आणि तिथंही किमान सहा महिन्यांचीच अट आहे. अर्थात प्रत्येक समाजाची शोकाची रीत निराळी; सहा महिन्यांनंतर रडू आलं म्हणजे आजार झाला, असं मुळीच नाही.

पण काही खुणा दिसल्या, तर सहा महिने वाट पाहू नये. जेवण सुटणं, दारू वाढणं, निरवानिरवीची भाषा, “मी तरी कशाला राहू?” असे उद्गार. तेव्हा सरळ विचारावं, “गुरुजी, जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या रात्री त्यांना एकटं ठेवू नका. घरात फवारणीचं औषध असेल, तर ते उचलून दुसरीकडे कुलपात ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा 2022 साली सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक. तिथं फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

तर मंडळी, गेल्या वर्षभरात आपल्या ओळखीत कुणाकडे मयत झालं, ते आज रात्री आठवून पाहा. त्यातलं एक घर निवडा, आणि या आठवड्यात दिवेलागणीच्या सुमारास तिकडे एक चक्कर टाका. नमस्कार.