वाकताना, वळताना बरगडीखाली उठणारी कळ



सोयाबीनची काढणी सुरू झाली, की चाकूर, अहमदपूर, लोहा या पट्ट्यातून एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टर, वाकलं की इथं बरगडीखाली चमक निघते. सरळ उभं राहिलं तर काही नाही." कुणी म्हणतं उसण भरली, कुणी म्हणतं गॅस अडकला. छातीच्या खालच्या भागात, एकाच बाजूला, शरीर वळवलं किंवा वाकवलं की दुखतं, त्या दुखण्याबद्दल आज बोलायचं आहे. त्याची दोन कारणं एकमेकांसारखी दिसतात. एक म्हणजे सरकणारी बरगडी आणि दुसरं म्हणजे दोन बरगड्यांमधल्या नसेचं दुखणं.

त्याआधी एक गोष्ट. चालताना, चढ चढताना छातीत दाब येत असेल, घाम फुटत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर हे भाषण तुमच्यासाठी नाही. तुम्ही आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्या. धाप, ताप किंवा थुंकीतून रक्त असेल, तरीही आधी दवाखाना गाठा. हे सगळं नाही आणि दुखणं फक्त हालचालीशी बांधलेलं आहे, अशांसाठी पुढचं बोलणं आहे.

आपल्याला बरगड्यांच्या 12 जोड्या असतात. वरच्या 7 जोड्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, पट्टीने थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी बरगडी त्या हाडापर्यंत पोचतच नाही. प्रत्येकीची कूर्चा आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला तंतूंनी बांधलेली असते. अकरावी आणि बारावी तर पुढून मोकळ्याच सुटतात. आठ ते दहामधले हे तंतू कधी जोराचा मार लागून, कधी दीर्घ खोकल्याने, कधी वर्षानुवर्षं एकाच बाजूला वळून काम केल्याने सैल होतात. पुष्कळदा रुग्णाला कोणताही मार आठवतच नाही. बिजागरीचा खिळा ढिला झाला की दार उघडताना अडकून खट्ट वाजतं, तसं इथं होतं. शरीर वळलं की खालच्या बरगडीच्या कूर्चेचं टोक वरच्या कूर्चेच्या मागे सरकतं आणि पुन्हा जागेवर येतं.

आता नसेकडे वळू. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लागून एक नस पाठीच्या कण्यापासून पुढे शरीराच्या मध्यरेषेकडे येते. डावीकडची डावीकडे आणि उजवीकडची उजवीकडे राहते. खालच्या बरगड्यांच्या नसा पोटाच्या स्नायूंनाही पोचतात. म्हणून दहाव्या बरगडीखालच्या नसेचं दुखणं बेंबीच्या पातळीला जाणवतं आणि माणूस पोटाचा आजार समजून बसतो.

दोन्ही दुखण्यांत भेद करणारी खूण तुमच्या बोटात आहे. "कुठं दुखतं?" असं विचारल्यावर सरकणाऱ्या बरगडीचा रुग्ण एक बोट बरगड्यांच्या कडेवरच्या एकाच जागी टेकवतो. नस दुखणारा माणूस हात पाठीकडून पुढे ओढतो आणि पट्टा दाखवतो. पहिला म्हणतो, कळ येते, कधी आत काहीतरी खट्ट होतं, मग थोडा वेळ ठणकत राहतं. दुसरा म्हणतो, आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी सणक जाते, सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही. त्याला रात्री निवांत पडल्यावरही त्रास होतो. सरकणारी बरगडी बहुधा कूस बदलताना, शिंकताना, अंथरुणातून उठताना बोलते, एरवी गप्प असते.

एक उदाहरण घेऊन सांगतो. चाकूर तालुक्यातली साधारण छत्तीस वर्षांची बाई समजा. दिवसभर वाकून विळ्याने सोयाबीन कापायचं आणि कवेत घेऊन गंजीवर टाकायचं, म्हणजे दर वेळी कंबरेवरून उजवीकडे वळायचं. काही आठवड्यांपूर्वी तिला मोठा खोकला येऊन गेलेला. उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेला कळ येते. आधी आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. मग सोनोग्राफीत पित्ताशय तपासलं, तिथं खडे नाहीत. एक्स-रे चांगला, रक्ताच्या तपासण्या चांगल्या. घरातले म्हणू लागले, हिला काही झालेलं नाही.

एक्स-रे चांगला येणारच, कारण कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. ती जागेवरून सरकते, ते तर मुळीच दिसणार नाही. साध्या सोनोग्राफीतही माणूस निवांत झोपलेला असतो आणि बरगडी तेव्हा जागेवरच असते. म्हणून तपासणाऱ्याचा हात इथं यंत्रापेक्षा पुढे आहे. 1919 मध्ये सिरियॅक्स यांनी या दुखण्याचं वर्णन केलं, 1922 मध्ये डेव्हिस-कॉली यांनी त्याला सरकणारी बरगडी असं नाव दिलं, आणि 1977 मध्ये हाइन्झ आणि झावाला यांनी आजही वापरात असलेली हाताची तपासणी लिहून ठेवली. डॉक्टर बरगड्यांच्या कडेखाली बोटं आकड्यासारखी वळवून घालतात आणि कड हलकेच पुढे-वर ओढतात. नेहमीचीच कळ तशीच उठली किंवा खट्ट झालं, आणि दुसऱ्या बाजूला तसं काही झालं नाही, तर निदानाला मोठा आधार मिळतो. या बाईला तसंच झालं असं धरू. नुसतं दुखणं पुरेसं नाही. कडेखाली बोटं घातली की कुणालाही थोडं दुखतं. "हीच ती कळ," असं रुग्णाने सांगितलं पाहिजे. ही तपासणी घरी आरशासमोर करून बघत बसू नका, रोज ओढून जागा आणखी चिडते. शंका उरली, तर रुग्णाला डोकं-खांदे उचलायला किंवा जोर लावायला लावून, बरगडी हलत असताना सोनोग्राफी करता येते. ती करणारा तज्ज्ञ सगळीकडे मिळतोच असं नाही.

नसेचा दुसरा माणूस वेगळा असतो. साठीचा, मधुमेह असलेला शेतकरी समजा. डाव्या बाजूला पाठीपासून पोटापर्यंत आग. अंगावर काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी त्याच पट्ट्यात लाल चट्टे आणि पाण्याचे फोड येतात. ही नागीण. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी दबून बसलेला असतो, तो पुन्हा जागा होतो. दुखणं फोडांच्या आधी सुरू होत असल्याने पहिल्या दिवसांत फसगत होते. म्हणून एका बाजूची आग असेल, तर रोज सदरा काढून पाठ घरच्यांना दाखवा. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या, तर फोड लवकर सुकतात. गेरू लावून आठ दिवस वाट पाहण्यात हा वेळ जातो. आणि नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, ही भीती सोडा. नस मध्यरेषेवर थांबते, म्हणून फोडही तिथंच थांबतात.

फोड न येताही नस दुखते. बराच काळ वाढलेली साखर, छातीची शस्त्रक्रिया, मोडलेली बरगडी, मणक्याचा आजार ही त्याची कारणं. पट्ट्यासारख्या दुखण्यासोबत पाठीच्या मणक्यात रात्री ठणकत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याचा क्षयरोग मनात आणलाच पाहिजे. दोन्ही पायांत ताकद कमी वाटली, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर दिवस घालवू नका, थेट लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा.

वाकण्याची एक जुनी खूणही सांगतो. दुखऱ्या बाजूकडे वाकल्यावर दुखलं तर नसेकडे संशय जातो, विरुद्ध बाजूला वाकल्यावर ताण बसून दुखलं तर फुफ्फुसाच्या आवरणाच्या सुजेकडे. ही खूण दिशा दाखवते, निवाडा देत नाही. शिवाय दोन्ही दुखणी एकमेकांत मिसळतात, हे ध्यानात ठेवायला हवं. सरकणारी कूर्चा शेजारची नस दाबते, त्यामुळे सरकणाऱ्या बरगडीच्या रुग्णालाही पाठीकडे पट्टा जाणवू शकतो. नसेभोवती भुलीचं इंजेक्शन दिलं तर दोघांनाही आराम पडतो. म्हणून इंजेक्शनने थांबलं, म्हणजे दोष नसेतच होता, असा निष्कर्ष काढू नये.

उपचार मात्र वेगळे. त्या बाईला सगळ्यात आधी सांगायचं, की हा हृदयाचा किंवा कर्करोगाचा प्रकार नाही. मग काम बदलायचं. गंजीवर टाकताना कंबरेतून न वळता पाय फिरवून सगळं अंग वळवायचं, ओझं अंगाजवळ धरायचं, अंथरुणातून उठताना आधी कुशीवर व्हायचं, खोकला पुन्हा आला तर त्यावर औषध घ्यायचं. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात व्रण असणाऱ्यांनी औषधाच्या दुकानातून स्वतःहून घेऊ नयेत. छातीला आवळून पट्टा बांधून झोपू नये, खोल श्वास घेता येत नाही. महिनोन्महिने थांबलं नाही, तर जागेवर इंजेक्शन, आणि त्यानंतरही काम अशक्य झालं तर शस्त्रक्रिया. त्यात सरकणारा कूर्चेचा तुकडा काढतात किंवा अलीकडच्या पद्धतीने बरगडी शेजारच्या बरगडीला टाक्यांनी बांधतात. काही जणांत दुखणं पुन्हा उलटतं, म्हणून हाताच्या तपासणीत नेमकी बरगडी सापडल्याशिवाय सुरीकडे जाऊ नये.

नसेच्या दुखण्यावर साधी वेदनाशामक गोळी फारशी चालत नाही. नसा शांत करणारी गॅबापेंटिन, प्रेगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही औषधं लागतात. ती कमी मात्रेपासून चढवतात. त्यांनी झोप आणि गरगर येते, म्हणून सुरुवातीला मोटारसायकल आणि मळणीयंत्रापासून दूर राहावं. बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंदही करू नयेत, हळूहळू उतरवतात. आणि साखर ताब्यात आणल्याशिवाय मधुमेही माणसाच्या नसेला गोळी पुरी पडत नाही.

दवाखान्यात जाताना एवढं सांगा: बोट एका जागी टेकतं की पट्टा दाखवतं, खट्ट होतं का, आग होते का, रात्री निवांत असतानाही दुखतं का, कातडीवर काही उठलंय का. तपासण्यांचे जुने कागदही सोबत न्या, तेच एक्स-रे पुन्हा काढायची वेळ येणार नाही.