‘घसरला’ हे कुणी पाहिलं?



फौजेतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं गुजरातमधल्या एका फरसाणाच्या कारखान्यात सुरक्षेचं काम पाहिलं. तिथल्या एका छोट्या अपघाताबद्दल, खरं म्हणजे त्याच्या अहवालाबद्दल, आज बोलणार आहे.

सकाळी सातच्या सुमाराला मी पोहोचलो, तेव्हा सुपरवायझरनी अहवाल लिहून ठेवलाच होता. चार वाक्यं होती. ‘कामगार घाईने ट्रे घेऊन जात होता. फरशी नुकतीच धुतल्यामुळे ओली होती. धोक्याचा फलक लावलेला असूनही त्याने लक्ष दिले नाही. त्यामुळे तो पाण्यावरून घसरून पडला व त्याचे उजवे मनगट मोडले.’ अहवालाला ताकीदपत्र जोडलेलं होतं, फक्त सही बाकी होती. मुलगा ओडिशाचा, कंत्राटी. ताकीदपत्र निघालं की ठेकेदार त्याला परत बोलावणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

अहवाल वाचताना मला माझी पहिली गस्त आठवली. परत येऊन मी ऐटीत सांगितलं होतं, “सर, शत्रूची तुकडी दिसली.” कमांडिंग ऑफिसर म्हणाले, “तुकडी राहू दे. डोळ्यांना काय दिसलं ते सांग.” डोळ्यांना दिसली होती तीन माणसं, संध्याकाळच्या उजेडात, बरीच लांब, दोघांच्या खांद्यावर काहीतरी लांबट. पुढे कळलं की ते लाकूडतोडे होते. ‘शत्रू’ हा शब्द माझ्या डोक्यातून आला होता, दुर्बिणीतून नव्हे.

म्हणून मी तो अहवाल घेऊन बसलो आणि प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारले. हे कुणी पाहिलं? कुठून पाहिलं? केव्हा पाहिलं?

पहिलं वाक्य. तो घाईत होता, हे कुणी पाहिलं? कुणीच नाही. सर्वांत जवळचा माणूस पॅकिंग मशीनपाशी पाठमोरा उभा होता. त्याला ट्रे आपटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तेव्हा मुलगा फरशीवर बसलेला होता. म्हणजे पडताना कुणी पाहिलंच नव्हतं. कॅमेऱ्यात तो दारातून आत येताना दिसतो, साध्या चालीने. पडला ती जागा कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत नाही. ‘घाईने’ हा शब्द आला कुठून? सातला पाळी संपते, म्हणून तो घाईत असणार, असा सुपरवायझरचा अंदाज.

तिसरं वाक्य आधी घेतो. ‘फलक लावलेला असूनही.’ पुरावा म्हणून मोबाइलवरचा फोटो होता, त्यात पिवळा फलक स्वच्छ दिसत होता. फोटोची वेळ सहा एक्कावन्न. कॅमेऱ्यात मुलगा आत येतो ती वेळ सहा चाळीस. फोटो सांगतो ते सहा एक्कावन्नचं. मधली अकरा मिनिटं त्याला माहीत नाहीत. सफाई करणाऱ्या बाईंना मी एवढंच विचारलं, “ताई, फलक कुणी ठेवला?” त्या सहज म्हणाल्या, “मीच साहेब, तो पडल्यावर.” ‘लावलेला होता’ या वाक्यात कुणी आणि केव्हा हे दोन्ही दडून जातं. अहवालात असं वाक्य दिसलं की तिथे थांबायचं.

आता मुलाचं स्वतःचं म्हणणं. अहवालात त्याचा जबाब होता, ‘मी पाण्यावरून घसरलो.’ मी दवाखान्यात गेलो. घाईत होतास का, पाणी दिसलं नाही का, असं विचारलं असतं तर दुखणारा माणूस मान डोलावून मोकळा होतो. मी म्हटलं, “बेटा, ट्रे उठाया वहाँ से बताओ.” तो म्हणाला, “ट्रे लेके मोड़ पे आया, पैर आगे निकल गया, पीछे गिरा, हाथ टेका.” पाण्याचं नावही त्याने घेतलं नाही. त्याच्या हिंदीचं कारकुनाने इंग्रजी केलं, तेव्हा पाणी त्यात शिरलं.

‘पैर आगे निकल गया’ हे मात्र फार मोलाचं. अडखळणारा माणूस बहुधा पुढे पडतो, गुडघे आणि तळवे खरचटतात. टाच टेकताना घसरणाऱ्याचा पाय पुढे जातो आणि तो मागे पडतो. मुलाची पँट मागून भिजलेली होती, गुडघे कोरडे होते. हे नर्सने पाहून लिहून ठेवलं होतं. तेव्हा ‘घसरला’ हा निष्कर्ष टिकला. पण तो निष्कर्ष आहे आणि अमुक दोन गोष्टींवर उभा आहे, असं मी लिहिलं.

राहिलं ‘पाण्यावरून’. फरशी मी पोहोचेपर्यंत पुसून झाली होती. ही नेहमीची चूक. दुसरा कुणी पडू नये म्हणून जागा अडवायची, फोटो घ्यायचा आणि मग पुसायचं. मुलाचे बूट मात्र प्रथमोपचाराच्या खोलीत होते. तळव्यावर पांढरा टिश्यू पेपर दाबला आणि वाळत ठेवला. पाण्याचा डाग वाळून जातो. हा वाळला तरी उजेडात धरल्यावर पारदर्शक दिसत होता. म्हणजे तेल.

सुपरवायझरना लगेच वाटलं, उत्तर सापडलं. पण ते बूट तळणीच्या खोलीतूनही फिरून आलेले असणार. तेल या वळणावरचंच, हे बुटावरून कसं ठरवणार? म्हणून पुढचे काही दिवस फरशी धुऊन झाल्यावर, कुणी चालायच्या आत, आम्ही त्याच वळणावर टिश्यू दाबून पाहिला. रोज तोच तेलाचा डाग. दोन हात बाजूला दाबला तर नुसतं पाणी. तळणीकडून येणाऱ्या ट्रॉलीची चाकं त्या वळणावरून जात होती आणि साध्या पाण्याच्या पाइपने तेल निघत नव्हतं, नुसतं पसरत होतं.

शेवटी मी कागदावर तीन रकाने आखले. पाहिलेलं, सांगितलेलं आणि अनुमान. ‘धुतल्यावरही वळणावर तेल राहतं’ हे पहिल्या रकान्यात गेलं. ‘पाय पुढे गेला’ हे दुसऱ्या. ‘त्या सकाळी तो तेलावरून घसरला’ हे तिसऱ्याच रकान्यात राहिलं, कारण त्या सकाळचं तेल कुणीही पाहिलेलं नाही. ‘घाई’ आणि ‘दुर्लक्ष’ यांना कुठल्याच रकान्यात जागा मिळाली नाही.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं, आपल्याला वाटलेलं पाहिल्यासारखं लिहिलं होतं. पण त्यांच्या अहवालावरून उपाय एकच निघत होता, मुलाला ताकीद. दुसऱ्या दिवशी तेल तिथेच असतं. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३२ मध्ये घसरायला लावणारे पदार्थ फरशीवर राहू देऊ नका असं मालकाला सांगितलेलं होतं. तिथे प्रश्न फरशीचा होता, कामगाराच्या लक्षाचा नंतर.

ट्रॉलीची चाकं दारातच पुसायची ठरलं आणि वळणावर गरम पाणी आणि साबण सुरू झाला. नंतर तिथे दाबलेला टिश्यू वाळल्यावर कोरा राहू लागला. ताकीदपत्रावर सही झाली नाही. मनगट जुळल्यावर मुलगा कामावर परत आला.