एकच माग, तीन तत्त्वज्ञाने

भिवंडीत भरलेल्या या परिषदेत मी स्वागत समितीच्या वतीने बोलतो आहे. आपण ज्या गावात जमला आहात तिथे मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी घरे एकाच गल्लीत नांदतात आणि यंत्रमागाची खडखड गावाच्या कानात मुरलेली आहे. शैक्षणिक तत्त्वज्ञानांच्या तुलनेवर बोलायला ही जागा सोयीची आहे. परीक्षेतल्या एका प्रश्नाचा निकाल मागावरच लावता येतो, असे माझे मत आहे, आणि यजमानाचा हक्क वापरून ते आज मांडतो.

‘आदर्शवाद, वास्तववाद आणि कार्यवाद यांची तुलना करा’ हा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत उभ्या रेघा मारून तक्ता काढलेला असतो. आदर्शवादापुढे व्याख्यान आणि शिक्षकाचे आचरण, वास्तववादापुढे निरीक्षण आणि प्रत्यक्ष वस्तू, कार्यवादापुढे कृती आणि प्रकल्प. पाठ करायला तक्ता उत्तम आहे, पण तो तत्त्वज्ञान अध्यापनपद्धतीवरून ओळखायला शिकवतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. विणकामाचेच पाहा. कोमेनियसला आपण इंद्रियानुभवी वास्तववादी म्हणतो. त्याच्या 1658 च्या सचित्र पाठ्यपुस्तकात मागावर बसलेला विणकर आहे. फ्रोबेलला आदर्शवादी परंपरेत बसवतो. त्याच्या बालोद्यानात मुले कागदाच्या पट्ट्या एकमेकींतून ओवून चटया विणत. ड्युईच्या शिकागोतल्या प्रयोगशील शाळेत मुलांनी कापूस आणि लोकर हातात घेऊन सूत काढले. आणि 1937 च्या वर्धा योजनेत सूतकताई व विणकाम हा मूलोद्योग होता. कृती एकच, आणि ती करवून घेणारे मात्र वेगवेगळ्या रकान्यांत बसवलेले. मग रकाना ठरवायचा कशावरून?

मला वाटते, ‘चूक कोण दुरुस्त करतो’ असे विचारावे. ड्युईच्या शाळेतला प्रसंग त्याने स्वतः नोंदवला आहे. बोंडातून सरकी सोडवताना मुलांचा इतका वेळ गेला की दिवसभरात हाताने फार तर पौंडभर कापूस निघेल, हे त्यांच्या लक्षात आले. पूर्वजांनी सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का वापरले असतील याचे कारण त्यांना त्यातून सापडले. इथे मुलांच्या अंदाजाला दुरुस्त केले ते अनुभवाने, अडचण सोडवताना मिळालेल्या परिणामाने. कोमेनियसच्या चित्रात शब्दाची चूक दुरुस्त करते ती वस्तू. माग जसा आहे तसा आहे, मुलाला रस असो वा नसो. फ्रोबेलच्या चटईत मुलाने पट्ट्यांची जी रचना साधायची, तिच्यामागे सृष्टीतल्या एकसूत्रतेची कल्पना आहे. हात चुकला तर त्या सुसंवादाच्या मापाने चुकला.

आता हे आपल्या गावातल्या मागावर तपासू. ताण्यातला एक धागा तुटला आणि माग चालूच राहिला, तर कापडात उभी रेघ पडते. सातवीचा वर्ग ते कापड पाहतो आहे असे समजा. वास्तववादी शिक्षक इंचात किती धागे आहेत ते भिंगाखाली मोजायला सांगेल, धागा तुटण्याची कारणे शोधायला लावेल, म्हणजे ताण जास्त होता की सूत कच्चे होते. कार्यवादी शिक्षक ‘पुढच्या कापडात ही रेघ येऊ नये म्हणून काय करून बघाल?’ असे विचारेल आणि मुलांच्या अंदाजांची परीक्षा घेईल. इथवर दोघांचे तास बाहेरून सारखेच दिसतील. फरक उघड करणारा प्रश्न पुढचा: हे कापड चांगल्या मालात खपवले आणि गिऱ्हाइकाला कधीच कळले नाही, तर? वास्तववादी म्हणेल, कळो न कळो, दोष कापडात आहेच. आदर्शवादी म्हणेल, ते गैर आहे, आणि त्याचे गैरपण गिऱ्हाइकाच्या नजरेवर अवलंबून नाही. कार्यवादी परिणामांकडे वळेल, पण एका सौद्याच्या नव्हे, तर लपवाछपवी रूढ झाल्यावर बाजारातल्या विश्वासाचे काय होते याकडे. कार्यवाद म्हणजे ‘चालले की खरे’ असे लिहिणाऱ्या छात्राध्यापकाने ड्युईचा हा व्यापक परिणामांचा विचार वाचलेलाच नसतो.

यावर पहिला आक्षेप गांधीजींच्या संदर्भात येईल. त्यांचे शिक्षण ध्येयाने आदर्शवादी, परिसराने निसर्गवादी आणि पद्धतीने कार्यवादी, हे एम. एस. पटेल यांचे वर्गीकरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जाते. मग माझी कसोटी कशाला? कारण त्यातला तिसरा भाग माझ्या कसोटीला उतरत नाही. झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेतले 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला दिले. स्वतः हुसेन यांनी वर्ध्यात अमेरिकेतल्या प्रकल्प पद्धतीशी साम्य दाखवले होते, हे खरे. पण किलपॅट्रिकच्या 1918 च्या प्रकल्पात हेतू मुलाने मनापासून स्वीकारलेला असावा लागतो. वर्ध्यात उद्योग शाळेने ठरवलेला, त्यामागचे स्वावलंबनाचे मूल्य आधीच निश्चित, आणि माल विकून शिक्षकाचे वेतन निघावे ही अपेक्षा. मुलाच्या अनुभवाने ते मूल्य बदलण्याची सोय नाही. हात चालतो म्हणून पद्धत कार्यवादी होत नाही. नई तालीम माझ्या मते हातांनी शिकवलेला आदर्शवाद आहे. वर्धा परिषदेत के. टी. शाह यांनी मुलांच्या मालाची कारागिरांच्या मालाशी स्पर्धा होईल असा आक्षेप घेतला होता. मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडेच शिक्षकाचे लक्ष वळेल, हा धोका समितीच्या अहवालातही नोंदला आहे. भिवंडीत हा धोका पुस्तकी नाही. म्हणून माग वर्गात यावा तो तपासण्यासाठी, उत्पादनासाठी नव्हे, एवढी मर्यादा मी पाळीन.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे आणि तो रास्तही आहे. शिक्षक पात्रता परीक्षेत ‘कृतीतून शिक्षण कोणत्या वादाशी संबंधित?’ असे विचारले तर उत्तर कार्यवाद असेच अपेक्षित असते. तिथे माझे भाषण आठवू नका, एका गुणाचा पर्याय निवडा आणि पुढे चला. दीर्घोत्तरी प्रश्नात मात्र तक्त्याखाली एक उदाहरण घ्या आणि तिन्ही शिक्षक कुठवर सोबत चालतात, कुठे फुटतात, हे दाखवा. कुणी म्हणेल की माणसे अशी चोख एका वादात बसत नाहीत. ड्युईच तारुण्यात हेगेलच्या प्रभावाखाली होता, आणि फ्रोबेलला काही पुस्तके निसर्गवाद्यांत धरतात. म्हणूनच माणसावर शिक्का मारण्यापेक्षा युक्तिवाद ओळखणे सोपे जाते. एकाच माणसाच्या दोन वाक्यांमागे दोन वेगळे आधार असू शकतात, आणि उत्तरपत्रिकेत तसे लिहायला कुणाची हरकत नसावी.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक गटाला आम्ही उभी रेघ पडलेल्या ग्रे कापडाचा एक तुकडा आणि एक भिंग देणार आहोत. गटाने एकाच वादाच्या बाजूने पाठ आखायचा आणि दुसऱ्या गटाने तो कोणत्या वादाचा आहे हे फक्त युक्तिवादावरून ओळखायचे. आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.