मैलापाण्याचा साका : वडोदऱ्याचा प्रयोग आणि आपली शेते

(शिक्षक, पंचायत सदस्य व कृषी सहाय्यक यांच्या शिबिरात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोनखत हा शब्द आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या कानावरून गेलेला असेल. माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला आपल्या भाषेने सोन्याचे नाव दिले, ते काही विनोदाने नव्हे. त्या खतावर पीक कसे येते हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले होते. परंतु त्याच खतातून जंत, आमांश आणि विषमज्वर घरात येतो, हे मात्र डोळ्यांना दिसत नव्हते. आजचा विषय या दोन गोष्टींची फारकत कशी करावी, हा आहे.

पणजीतील टोंक किंवा मडगावातील शिरवडे येथील मलजल शुद्धीकरण केंद्रासारख्या ठिकाणी शहराचे मैलापाणी येते. तेथे ते निवळते आणि स्वच्छ झालेले पाणी पुढे जाते. मागे तळाशी जो काळपट, चिकट गाळ राहतो त्यास आपण साका म्हणू. पाणी शुद्ध झाले म्हणजे घाण नाहीशी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक पाण्यातून निघालेली घाण याच साक्यात एकवटलेली असते. पिकाला लागणारे नत्र आणि स्फुरद त्यात असतात, तसेच रोगजंतू आणि जंतांची अंडीही असतात. यांपैकी जंताची, म्हणजे पोटातील गोल कृमीची, अंडी फार चिवट. त्यांचे कवच जाड असल्यामुळे ओल्या सावलीच्या मातीत ती महिनोन् महिने, प्रसंगी काही वर्षेसुद्धा, जिवंत राहतात. साका उन्हात सुकला, त्याची दुर्गंधी गेली, हातात घेतला तर मातीसारखा भुगा झाला, एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही. वासावरून परीक्षा करणारा येथे हमखास फसतो.

या अडचणीवर आपल्या देशात जो एक महत्त्वाचा प्रयोग झाला, तो वडोदऱ्यात. शहरातील गजरावाडी येथील शुद्धीकरण केंद्राशेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाने १९९२ साली एक विकिरण संयंत्र सुरू झाले. त्याची कल्पना साधी होती. पातळ साका एका टाकीत मोजून घ्यावयाचा, एका वेळी सुमारे तीन घनमीटर. जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या बंद नळ्या ठेवलेल्या असत. पंपाने तो साका त्यांच्या भोवतालच्या पात्रातून पुनःपुन्हा फिरवावयाचा. ठरलेली मात्रा पोचली की टाकी रिकामी करून पुढचा घाणा भरावयाचा. दिवसाला सुमारे ११० घनमीटर साका अशा रीतीने निर्जंतुक करता येई.

मात्रा मोजण्याचे माप ग्रे हे आहे आणि वडोदऱ्याला सुमारे ३ किलोग्रे मात्रा देत. या आकड्यात एक मौज आहे. एवढ्या मात्रेतून जी ऊर्जा साक्यात मुरते, तिने त्याचे तापमान एक अंशानेदेखील वाढत नाही. मग जंतू मरतात कसे? दूध उकळले की जंतू उष्णतेने मरतात. येथे तसे होत नाही. गॅमा किरण जंतूच्या पेशीतील जनुकद्रव्याचा धागा तोडतात. शिवाय ते पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यांचे तीव्र तुकडे जवळच्या पेशीवर हल्ला करतात. साक्यात हवा किंवा प्राणवायू सोडला तर हे काम अधिक चांगले होते, असेही वडोदऱ्यात आढळले.

आता एक साधा हिशेब मांडतो, कारण पुढील सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. समजा, एखाद्या जातीच्या जंतूंपैकी दहातले नऊ मारण्यास अर्धा किलोग्रे लागतो. म्हणजे अर्ध्या किलोग्रेने एक कोटीचे दहा लाख उरले, पुढच्या अर्ध्याने एक लाख. अशा सहा पायऱ्या उतरल्या की ३ किलोग्रे पुरे होतात आणि एक कोटीतून दहा उरतात. ही उतरंड शून्यावर कधीच पोचत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत शेतीसाठी मोकळेपणी वापरावयाच्या साक्याला "निर्जंतुक" असा शब्द न वापरता मोजमाप दिले आहे : सुक्या वजनाच्या एका ग्रॅममध्ये विष्ठेतील कोलिफॉर्म जंतू हजाराहून कमी, किंवा चार ग्रॅममध्ये साल्मोनेला तीनहून कमी. त्याच नियमांत गॅमा किरणांची मात्रा किमान १० किलोग्रे ठेवली आहे.

येथे सभेत हटकून विचारला जाणारा प्रश्न मीच विचारून टाकतो. असे खत किरणोत्सारी होते काय? होत नाही. साका कोबाल्टला शिवत नाही, तो बंद नळीत असतो. साक्यापर्यंत पोचतात ते फक्त किरण. आणि त्या किरणांची ऊर्जा इतकी नसते की साक्यातील द्रव्यांचे अणुकेंद्र बदलून ते स्वतः किरण सोडू लागेल. ट्रॉम्बे येथे १९७४ पासून इंजेक्शनच्या सिरिंजा, शस्त्रक्रियेचे साहित्य याच रीतीने निर्जंतुक करण्यात आले आहे, आणि लासलगावला कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून असेच किरण, अर्थात फार थोड्या मात्रेत, वापरले गेले. खरी काळजी वेगळीच आहे. कोबाल्ट-६० दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने क्षीण होतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा उरतो. म्हणून साका फिरवण्याचा वेळ त्या प्रमाणात वाढवावा लागतो. संयंत्र जुन्या वेळापत्रकाने चालू राहिले तर बाहेरून सर्व काही यथास्थित दिसेल, आणि जंतू मात्र जिवंत राहतील. मात्रामापक पट्ट्यांची नोंदवही पाहिल्यावाचून हे कळावयाचे नाही.

वडोदऱ्याच्या पद्धतीची मोठी मर्यादा पाणी ही होती. पातळ साक्यात शंभरात चार भाग घनपदार्थ धरले तर ११० घनमीटरमध्ये सुमारे साडेचार टन खत आणि बाकी सारे पाणीच. दहा हजार लिटरच्या टँकरच्या अकरा खेपा कराव्यात तेव्हा साडेचार टन माल शेतावर पडणार. आणि वाहतूक परवडत नाही म्हणून तो विकिरणानंतर उघड्या वाफ्यांत सुकवावयाचा, तर कावळे, कुत्री, वाहते पाणी यांच्या संगतीने तो पुन्हा दूषित व्हावयाचा.

म्हणून अहमदाबादला क्रम उलटा ठेवला. तेथे पिराणा येथे २०१९ साली सुरू झालेले संयंत्र दिवसाला १०० टन सुक्या साक्यासाठी बांधले आहे. साका आधी सुकवावयाचा, त्याची ढेकळे फोडावयाची, मग तो पेट्यांत भरून किरणांसमोरून न्यावयाचा. सुक्या स्थितीत पाण्याची मदत कमी, त्यामुळे जंतू अधिक चिवट. म्हणून मात्राही १० किलोग्रेच्या आसपास ठेवली गेली.

याच्या पुढची पायरी मला फार शहाणपणाची वाटते. किरणांनी वाईट जंतूंबरोबर निरुपद्रवी जंतूही मरतात. साका म्हणजे मग मालक नसलेले, अन्नाने भरलेले कोठार होते. त्यात बाहेरून साल्मोनेलाचे थोडे जंतू शिरले तर त्यांना अडवणारे कोणी नसते, आणि ओल मिळताच ते झपाट्याने वाढतात. हे घडते अगदी क्षुल्लक कारणाने. कच्चा साका उचललेले फावडे धुतल्याशिवाय तयार मालात घातले की पुरे. म्हणून विकिरणानंतर नत्र स्थिर करणारे व स्फुरद विरघळवणारे उपयोगी जिवाणू त्यावर फवारून ते रिकामे कोठार भरून टाकतात. यावरून अधिकारी मित्रांनी एक ध्यानात घ्यावे. संयंत्राच्या दारातून बाहेर पडताना घेतलेल्या नमुन्याचा दाखला पुरेसा नाही. ज्या दिवशी माल शेतकऱ्याच्या हाती पडतो, त्या दिवशीचा नमुना तपासला पाहिजे.

किरणांना जे मुळीच साधत नाही, ते म्हणजे धातू. कॅडमियम, शिसे, पारा हे मूळ द्रव्यच असल्याने ते मरत नाहीत, कुजत नाहीत. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियमची मर्यादा ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. मर्यादेवरचा साका हेक्टरी पाच टन घातला तर २५ ग्रॅम कॅडमियम त्या जमिनीत गेले. पुढच्या वर्षी आणखी २५ ग्रॅम. पीक त्यातले अगदी थोडे उचलते, बाकीचे तेथेच साचते. आपल्या गोमंतकातील जांभ्याची जमीन आम्ल आहे, आणि आम्ल जमिनीत कॅडमियम व जस्त पिकाच्या मुळांना अधिक सहजपणे मिळतात. म्हणून गुजरातच्या चुनखडीच्या मातीत जे चालून गेले, ते येथे तसेच चालेल असे समजू नये. आधी मातीचा सामू तपासावा, लागल्यास चुना द्यावा.

आणखी एक उणीव आपल्या बागायतदारांनी जाणून घ्यावी. पालाश पाण्यात विरघळतो आणि शुद्ध झालेल्या पाण्याबरोबर निघून जातो. साक्यात तो फार थोडा उरतो. माडाची भूक तर मुख्यतः पालाशाची. साक्याच्या जोडीला चुलीची राख किंवा पालाशयुक्त खत दिले नाही, तर माड हिरवागार दिसेल आणि नारळ मात्र हवे तसे धरणार नाहीत.

धातूंच्या चाचणीत नापास झालेल्या साक्याचे काय करावयाचे? तो जाळावयाचा, म्हणजे इंधन म्हणून सिमेंटच्या भट्टीसारख्या ठिकाणी द्यावयाचा. येथेही पाणीच आडवे येते. यंत्राने पिळून काढलेल्या एक टन साक्यात साधारणतः ८०० किलो पाणी आणि २०० किलो घनपदार्थ असतात. किलोला ३००० किलोकॅलरी धरली तर त्या २०० किलोंतून सहा लाख किलोकॅलरी निघतील. आणि ८०० किलो पाण्याची वाफ करण्यास, किलोला ६०० धरून, चार लाख ऐंशी हजार खर्ची पडतील. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता वजा केली की हाती काहीच उरत नाही. केंद्रात साक्यापासून आधीच गॅस काढून घेतला असेल, तर उष्णता याहूनही कमी. तेव्हा ओला साका इंधन म्हणून कोणी फुकट नेतो म्हणाला, तर तो नेमका कोठे नेऊन टाकतो याची पंचायतीने चौकशी करावी.

सुकवण्याचे काम ऊन फुकट करते, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते ऊन नसते. त्या चार महिन्यांतील साका छपराखाली, काँक्रीटच्या ओट्यावर साठवण्याइतकी जागा हवी, आणि खाली झिरपणारे पाणी परत केंद्रात सोडण्याची सोय हवी. ही जागा नसेल तर पावसाच्या तोंडावर माल घाईने गावकऱ्यांना वाटला जातो. असा माल, तपासलेला असो वा नसो, खाजन शेतात टाकू नये; तेथून तो पहिल्याच ओहोटीला मानशीवाटे खाडीत उतरतो. विहिरीच्या काठी, तसेच तांबडी भाजी, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा मातीला लागून वाढणाऱ्या पिकांना तो देऊ नये. काजू, माड, गवताची कुरणे येथे तो मातीत मिसळून द्यावा. मिसळताना पायात बूट असावेत, कारण आपल्याकडे अनवाणी काम करण्याची सवय आहे आणि कच्च्या राहिलेल्या साक्यातील अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतूनच शिरतो.