बिल कुठं जातं ते आधी शोधलं, मग कर्जाचा विचार केला

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत पापड-मसाला उद्योग गटाच्या सचिव ताईंनी आपल्या युनिटच्या वीज तपासणीचा अहवाल वाचून समजावून सांगितला. त्यांचे बोलणे येथे देत आहोत.)



मागच्या वर्षी आमच्या गटापुढं एक प्रश्न आला. महिन्याचं वीजबिल १२,६०० रुपयांवर गेलं होतं. त्याच वेळी एक विक्रेता आला आणि म्हणाला, छतावर १० किलोवॅटचं सोलर बसवा, साडेपाच लाख रुपये लागतील, बिलाची कटकट मिटेल. निम्म्या बायका कर्ज काढायला तयार, निम्म्या घाबरलेल्या. शेवटी आम्ही ठरवलं, आधी वीज जाते कुठं ते बघू. एका ऊर्जा तपासनीसाला बोलावलं. ते दोन दिवस युनिटमध्ये राहिले आणि अहवाल देऊन गेले. तो अहवाल मी आज तुम्हाला आपल्या भाषेत सांगणार आहे.

पहिली गोष्ट बिलाची. त्यांनी तीन महिन्यांची बिलं मागितली. सरासरी निघाली १,५०० युनिट. १२,६०० रुपयांतले साधारण ६०० रुपये स्थिर आकार होता. एकही मशीन चालू केलं नाही तरी तो लागतोच. उरलेले १२,००० रुपये युनिटांवर चढत होते. म्हणजे एक युनिट वाचलं तर आमचे ८ रुपये वाचतात. पूर्ण बिलाला युनिटांनी भागलं असतं तर ८ रुपये ४० पैसे आले असते आणि बचत फुगून दिसली असती. कुणी बचतीचा हिशेब दाखवला तर हे आधी विचारा, स्थिर आकार बाजूला काढला का?

दुसरी गोष्ट मोजणीची. प्रत्येक मशीनवर लिहिलेले वॅट किंवा हॉर्सपॉवर त्यांनी धरले नाहीत. वायरीला चिमट्यासारखा मीटर लावून मशीन खरोखर किती ओढतं ते मोजलं. आमच्या कांडप मशीनची मोटर १० हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेसात किलोवॅटची. पण मिरची दळताना ती ५.२ किलोवॅटच ओढत होती. हा चिमटा वायरमनच्याच हातात शोभतो, आपण पॅनल उघडायचं नाही. पण एक मोजणी आपल्याला जमते. सगळं बंद करायचं, एकच मशीन तासभर चालवायचं आणि आधीचं व नंतरचं मीटर रीडिंग वहीत लिहायचं. आणि सगळं बंद असताना रीडिंग पुढं सरकलं, तर कुठंतरी गळती आहे किंवा काहीतरी चालू राहिलंय. तेव्हा लगेच वायरमनला बोलवायचं.

महिन्याचा ताळेबंद असा निघाला. पापडाचा ड्रायर ७९० युनिट, कांडप मशीन ४३०, ट्यूबलाइट १५६, पंखे ७० आणि पंप व बारीकसारीक २४. बेरीज १,४७०. बिलात १,५००. तीस युनिटांचा फरक राहिला, तो चालतो असं ते म्हणाले. बेरीज आणि बिल यांत मोठी तफावत आली असती तर मोजणीत काहीतरी सुटलंय असं समजून पुन्हा मोजावं लागलं असतं.

बघा, आम्ही रोज भांडत होतो ती लाइट-पंख्यांवरून. "दिवा कुणी चालू ठेवला गं?" आणि निम्म्याहून जास्त वीज खात होता एकटा ड्रायर.

म्हणून त्यांनी ड्रायरवर सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी आम्हाला काटा आणायला लावला. ड्रायरमध्ये घालण्याआधी दिवसभराचे पापड तोलले, ७० किलो. वाळल्यावर तोलले, ५८ किलो. म्हणजे १२ किलो पाणी उडालं. एक किलो पाणी उडवायला साधारण पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता लागते. म्हणजे १२ किलोला ८ युनिट. पण ड्रायर रोज ५ तास चालतो आणि हिटर त्यात ३० युनिट खातात. मग २२ युनिट गेले कुठं?

ते शोधायला दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायर रिकामाच ६० अंशांवर चालवला, दार लावून. एक पापड आत नाही, तरी तो ताशी ३.२ युनिट खात होता. पाच तासांचे १६ युनिट नुसते पत्र्यातून आणि दारातून बाहेर जात होते. उरलेले ६ युनिट वरच्या धुराड्यातून गरम हवेबरोबर जात होते. त्यातली काही हवा सोडावीच लागते, नाहीतर ओल बाहेर पडणार कशी?

खोलीत ३२ अंश होतं आणि ड्रायरचा बाहेरचा पत्रा ४६ अंश. आम्ही थंडीत त्या पत्र्याला पाठ लावून बसायचो, फार बरं वाटायचं! ती ऊब आमच्याच बिलातली होती. दारासाठी त्यांनी उदबत्ती पेटवली आणि दाराच्या कडेनं हळूहळू फिरवली. जिथं धूर हलला तिथं खडूनं खूण केली. खालच्या बाजूनं आणि बिजागरीपाशी हातभर फट सापडली.

उपाय असा सांगितला. ड्रायरला बाहेरून दोन इंच जाडीची काचलोकर, वर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि दाराला उष्णता सोसणारी रबरपट्टी. खर्च १४,००० रुपये. रिकामा ड्रायर ३.२ ऐवजी १.२ वर यावा असा अंदाज. ताशी २ युनिट, महिन्याचे १२५ तास, म्हणजे २५० युनिट. आठच्या दरानं महिन्याला २,००० रुपये. १४,००० भागिले २,००० म्हणजे सात महिन्यांत पैसे वसूल. अहवालात यालाच परतफेडीचा काळ म्हटलंय. गणित एवढंच आहे, ताई.

आता कांडप मशीन. माप असं घेतलं, एक किलो दळायला किती युनिट? महिन्याला २,६०० किलो माल आणि दळण्याचे ३९० युनिट, म्हणजे किलोला ०.१५. आतले हातोडे काढून बघितले तर कडा झिजून गोल झाल्या होत्या. गोल कडा मिरची फोडत नाही, नुसती घुसळते. माल जाळीतून लवकर पडत नाही, तापतो आणि त्याचा रंगही उतरतो. पावडर हाताला गरम लागली आणि तासाचा माल कमी निघाला, तर हातोडे बघा. काही मशीनमध्ये ते उलटे करून वापरता येतात. बदलायचे तर पूर्ण संच बदला, समोरासमोरचे वजनाला सारखे हवेत, नाहीतर मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातं. नवा संच २,६०० रुपयांचा. किलोला ०.१२५ धरले तर ६५ युनिट, म्हणजे ५२० रुपये वाचतात. पाच महिन्यांत वसूल.

याच मशीनचे बाकीचे ४० युनिट रिकामं फिरण्यात जात होते. एक घाणा झाला की दुसरा निवडून होईपर्यंत मोटर चालूच. सगळा माल आधी निवडून, मोजून ठेवला तर यातले ३० युनिट वाचतात. खर्च शून्य.

जुन्या चोकच्या १२ ट्यूबलाइट ५२ वॅट ओढत होत्या. २० वॅटच्या एलईडी लावल्या की ९६ युनिट वाचतात. खर्च ३,०००, चार महिन्यांत वसूल.

अहवालात "करू नका" असंही एक पान होतं, ते मला जास्त आवडलं. नवी जास्त कार्यक्षम मोटर ३५,००० ची, वाचणार महिन्याला १६० रुपये. वसूल व्हायला १८ वर्षं! म्हणून सध्याची मोटर जळेल तेव्हाच तो विचार. पंख्यांचंही तसंच, बिघडेल तसा एकेक बदला. आणि सॉकेटमध्ये लावायची "वीज वाचवणारी" डबी विकायला येतात, तिनं मीटरवरची युनिटं कमी होत नाहीत.

आता सोलर. आपल्याकडं एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो. १० किलोवॅटचे महिन्याला १,२०० युनिट, वर्षाला १,१५,२०० रुपये. साडेपाच लाख वसूल व्हायला पावणेपाच वर्षं. विक्रेत्यानंही हेच सांगितलं होतं. पण त्यात दोन गोष्टी नव्हत्या. एक म्हणजे व्याज. साडेपाच लाखांना १२ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी ६६,००० रुपये व्याज लागतं. दुसरं, आम्ही आधी बचत केली तर गरज १,०५९ युनिटांवर येते. मग १,२०० युनिट बनवणारं सोलर घेऊन काय करायचं? आज घेतलं असतं तर गळक्या ड्रायरच्या मापानं घेतलं असतं.

आम्ही कर्ज थांबवलं. गटाच्या बचतीतून १९,६०० रुपये काढले आणि चार कामं केली. अंदाज होता ४४१ युनिट, म्हणजे महिन्याला ३,५२८ रुपये.

खरं काय झालं ते सांगते. तिसऱ्या महिन्यात माल तेवढाच काढला आणि बिल आलं १,१४० युनिटांचं. वाचले ३६०, ४४१ नाही. मी तपासनीसांना फोन लावला. ते म्हणाले, उदबत्ती फिरवा. फिरवली, तर दाराची रबरपट्टी एका कोपऱ्यात सुटली होती. आणि कांडप पुन्हा रिकामं फिरायला लागलं होतं, लग्नसराईच्या गडबडीत. पट्टी चिकटवली. तरी ३६० युनिटांनीसुद्धा महिन्याला २,८८० रुपये वाचतात, म्हणजे साडेपाच महिन्यांऐवजी सात महिन्यांत पैसे वसूल.

मोजणी आमची मार्चमधली आहे, हेही लक्षात ठेवा. पावसाळ्यात ड्रायर जास्त तास चालतो, तेव्हाचे आकडे वेगळे येतील. म्हणून आता दर सोमवारी मीटर रीडिंग आणि त्या आठवड्याचा माल एकाच पानावर लिहितो. बिल वाढलं तर माल वाढला म्हणून की गळती झाली म्हणून, हे त्या पानावरून कळतं. वर्षभराचं ते पान पूर्ण झालं की सोलरचा विषय पुन्हा सभेत घेऊ, किती किलोवॅटचं ते तेव्हा ठरवू.

वही मी सोबत आणलीय. ज्यांच्याकडं गिरणी, ड्रायर किंवा शेवया मशीन आहे त्या ताईंनी सभा संपल्यावर बघून घ्या.