आगीत तग धरणारी केबल आणि न तग धरणारा जोड

माझ्या हातात केबलचे दोन तुकडे आहेत. जाडी जवळपास सारखीच. एकावर छापलंय ‘एफआरएलएस’, दुसऱ्यावर ‘फायर सर्व्हायव्हल’. इमारती तपासताना मी विचारतो, “अलार्मची केबल कुठली?” उत्तर बहुतेक वेळा येतं, “साहेब, फायरवालीच आहे, एफआरएलएस!” गडबड इथूनच सुरू होते.

एफआरएलएस म्हणजे ज्योत पुढे पसरू न देणारी आणि कमी धूर करणारी केबल. बर्नर लावला तर तिचं आवरण जळतं, बर्नर काढला की आग विझते. पण ज्योत लागलेल्या जागी पीव्हीसी मऊ होऊन गळतं, तारा एकमेकींना चिकटतात, शॉर्ट होतो आणि सर्किट बंद. म्हणजे ही केबल आग वाढवत नाही, पण आगीत स्वतः काम करत राहत नाही.

आता दुसरा तुकडा सोलून पाहू. तांब्याच्या तारेवर ही कुरकुरीत, चकाकणारी पट्टी दिसते? हा अभ्रक, काचेच्या विणीवर चिकटवलेला. आगीत बाहेरचं सगळं जळून जातं, अभ्रक मात्र तारांना वेगळं ठेवतो. बीएस 6387 या ब्रिटिश मानकातल्या सर्वांत कडक वर्गात, सीडब्ल्यूझेडमध्ये, तीन चाचण्या असतात: 950 अंशांच्या ज्योतीत तीन तास, आगीबरोबर पाण्याचा फवारा, आणि आगीबरोबर हादरे. तिन्हींत वीज चालू राहिली पाहिजे. तांबं 1085 अंशांना वितळतं, म्हणून ते यात टिकतं. ॲल्युमिनियम 660 लाच वितळतं.

मग चांगली केबल घातली की झालं? नाही. मी पाहिलेलं एक उदाहरण सांगतो.

एका उंच निवासी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक शाफ्टमध्ये आग लागली. जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवा दाबून भरणारा पंखा गच्चीवर होता आणि त्याची वीज तळघरातल्या पॅनलमधून याच शाफ्टने वर जात होती. केबल खरोखरच फायर सर्व्हायव्हलची होती. तरीही पंखा काही मिनिटांतच थांबला, जिना धुराने भरला आणि वरचे लोक घरातच अडकले. सुदैवाने अग्निशमन दलाने सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं.

नंतर मी शाफ्ट पाहिला. केबल काळी पडली होती, पण अभ्रक जागेवर होता. मेला होता तो जोड. केबलचा रोल चौथ्या मजल्यावर संपला, म्हणून तिथे साधा प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स आणि प्लॅस्टिकचेच कनेक्टर लावले होते. ते वितळले आणि तारा एकमेकींना लागल्या. शिवाय केबल नायलॉनच्या टायने बांधलेली. टाय गळाल्यावर केबलचं सगळं वजन त्याच जोडावर आलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: केबल तपासू नका, वाट तपासा. पॅनलपासून पंख्यापर्यंत हाताने माग काढत जा. जोड शक्यतो नकोच. टाळता येत नसेल तर धातूचा बॉक्स आणि सिरॅमिकचे टर्मिनल. केबल धरायला स्टीलच्या क्लिपा, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर. आणि चाचणीचा दाखला मागताना विचारा, “ही केबल कुठल्या क्लिपांवर तपासली होती?”

आणखी एक गोष्ट, ही पंपाच्या केबलला लागू होते. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो. 950 अंशांना तो साधारण पाचपट होतो. समजा 100 मीटर केबलमध्ये पंप चालताना 10 व्होल्ट घटतात. त्यातले 20 मीटर आगीत सापडले, तर उरलेल्या 80 मीटरमध्ये 8 आणि त्या 20 मध्ये 2 ऐवजी 10, असे एकूण 18 व्होल्ट घटतील. चालू पंपाला हे चालून जाईल. पण सुरू होताना मोटर कित्येक पट करंट ओढते, तेव्हा घटही त्याच पटीत वाढते, आणि मोटर नुसती गुरगुरत राहू शकते. म्हणून केबलचा साइज थंड तांब्यावर ठरवू नका.

आणीबाणीच्या दिव्यांचं काय? दिव्यातच बॅटरी असेल, तर वीज गेल्यावर तो आपोआप लागतो; केबल जळली तरी चालतं. पण सगळ्या दिव्यांना एकाच खोलीतल्या बॅटरीतून वीज येत असेल, तर मधली केबल जगलीच पाहिजे. खर्च कुठे करायचा, हे असं ठरतं: आग लागल्यानंतर ज्या तारेतून वीज वाहायलाच हवी, त्या तारेवर.

पुढच्या वेळी शाफ्टचं दार उघडलंत, तर केबलवरचं नाव वाचून थांबू नका. ती कशावर टेकली आहे आणि कुठे जोडली आहे, तेही पाहा.